रिझ्युमेतील उणिवांवरून मुलाखतीचे प्रश्न कसे ओळखावेत: पुरवठादार गुणवत्ता अभियंत्याच्या एका अर्जाचे उदाहरण

नोकरीची जाहिरात आणि आपला रिझ्युमे शेजारी ठेवून एकेक अट पडताळून पाहिली की शेवटी न जुळलेल्या गोष्टींची एक यादी हाती उरते. बहुतेक उमेदवार या यादीचा उपयोग फक्त रिझ्युमे दुरुस्त करण्यासाठी करतात आणि मुलाखतीचे बोलावणे आल्यावर ती बाजूला ठेवून विषयाची पुस्तके उघडतात. मला ही मोठी चूक वाटते, कारण मुलाखत घेणाऱ्यांच्या समोरही तीच जाहिरात आणि तोच रिझ्युमे असतो आणि न जुळलेल्या जागा त्यांनाही दिसलेल्या असतात. तरीही त्यांनी बोलावले आहे, याचा अर्थ त्या जागांविषयी त्यांच्या मनात काही शंका आहेत आणि त्या त्यांना समोरासमोर बसून तपासून घ्यायच्या आहेत.

उणीव आणि प्रश्न यांच्या मध्ये असलेली ही शंका ओळखणे हाच तयारीचा गाभा आहे. ‘एसपीसीचा, म्हणजे मोजमापांच्या आकड्यांवरून प्रक्रियेवर नजर ठेवण्याचा, अनुभव दिसत नाही’ ही उणीव झाली. तिच्यामागची शंका मात्र अशी असते की, या माणसाच्या हाती आकडे दिले तर त्यावरून प्रक्रिया बिघडते आहे हे त्याला कळेल का? मग प्रश्न ‘एसपीसी म्हणजे काय’ असा येत नाही, तर समोर आकडे ठेवून ‘आता काय कराल’ असा येतो. व्याख्या पाठ केलेला उमेदवार तिथेच अडखळतो. म्हणून प्रत्येक उणिवेपुढे आधी शंका लिहावी, मग त्या शंकेतून निघणारा प्रश्न, आणि शेवटी ती शंका दूर करू शकेल असा आपल्या कामातला पुरावा.

हे नीट समजण्यासाठी एक उदाहरण पूर्णपणे सोडवून पाहू. उदाहरण रचलेले आहे, पण पुणे आणि छत्रपती संभाजीनगर परिसरातील वाहनउद्योगात ते अगदी नेहमीचे आहे.

अर्ज आणि त्यातील उणिवा

चाकण येथे ब्रेकचे भाग जोडणाऱ्या एका कारखान्याला पुरवठादार गुणवत्ता अभियंता हवा आहे. जाहिरातीत तीन ते पाच वर्षांचा अनुभव, पुरवठादारांच्या पीपॅप, म्हणजे नव्या भागाच्या मंजुरीच्या, फायली तपासणे, एसपीसी आणि एमएसए, म्हणजे मोजमापाच्या पद्धतीची विश्वासार्हता तपासणे, यांचे ज्ञान, पुरवठादारांकडून तक्रारींवरचे एट-डी अहवाल करून घेणे आणि त्यांच्या कारखान्यात जाऊन प्रक्रियेचे ऑडिट करणे अशी कामे लिहिली आहेत. वाहनउद्योगाच्या गुणवत्ता व्यवस्थेचे मानक असलेल्या आयएटीएफ १६९४९ चे अंतर्गत ऑडिटर प्रमाणपत्र असल्यास प्राधान्य, अशी शेवटची ओळ आहे.

अर्जदार वाळूज एमआयडीसीतील सीएनसी टर्निंगच्या एका लहान कारखान्यात चार वर्षे गुणवत्ता विभागात होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे. रिझ्युमेत ‘प्रक्रियेतील तपासणी, अंतिम तपासणी, गेज कॅलिब्रेशनच्या नोंदी, सॅम्पल अप्रूव्हल आणि ग्राहकांच्या तक्रारी हाताळणे’ असे लिहिले आहे. त्या नोकरीनंतर अकरा महिने रिकामे दिसतात.

पडताळणीतून निघालेली यादी अशी होती: पीपॅप हा शब्द नाही, एसपीसी आणि एमएसए नाहीत, पुरवठादारांशी काम केल्याचा उल्लेख नाही, ऑडिटर प्रमाणपत्र नाही आणि अकरा महिन्यांचा खंड आहे. तक्रारी आणि एट-डी यांच्यासमोर मात्र ‘जुळते’ असे लिहिले गेले. त्याकडे नंतर वळू.

या पाच उणिवा एकाच जातीच्या नाहीत आणि सगळा फरक इथेच पडतो. काही गोष्टी तिने केलेल्या आहेत, पण रिझ्युमे त्याबद्दल गप्प आहे. काही गोष्टी तिने अर्धवट किंवा दुसऱ्या बाजूने केल्या आहेत. काही तिने खरोखरच केलेल्या नाहीत. गप्प उणिवेची तयारी आठवणीने होते, अर्धवट उणिवेची तयारी अभ्यासाने होते आणि खऱ्या उणिवेची तयारी प्रामाणिक विचाराने होते. तिन्हींसाठी एकच पुस्तक वाचत बसल्यास वेळ वाया जातो.

पीपॅप: रिझ्युमे गप्प आहे

नवा भाग नियमित उत्पादनात जाण्यापूर्वी पुरवठादाराने ग्राहकाची मंजुरी घ्यायची असते. या मंजुरीसाठी द्यायच्या कागदपत्रांच्या आणि नमुन्यांच्या पद्धतीला पीपॅप म्हणतात. लहान कारखान्यांत हा शब्द फारसा वापरला जात नाही. तिथे ‘सॅम्पल अप्रूव्हल’ किंवा नुसते ‘फाइल द्यायची आहे’ असे म्हणतात. अर्जदाराने रिझ्युमेतही तोच शब्द लिहिला आणि पडताळणीत ती उणीव म्हणून दिसली. प्रत्यक्षात तिने अनेक भागांसाठी ड्रॉइंगवरील प्रत्येक मापाला क्रमांक देऊन बलून ड्रॉइंग तयार केले होते, मोजमापांचा अहवाल भरला होता आणि गेजच्या अभ्यासासाठी वाचने घेतली होती.

म्हणून पहिली शंका साधी असते: हिला पीपॅप माहीत तरी आहे का? ती एका वाक्यात दूर होते. पण लगेच मागून दुसरी शंका येते आणि तीच खरी आहे. आतापर्यंत ती फाइल भरणाऱ्यांच्या बाजूला होती आणि या नोकरीत तिला फाइल तपासणाऱ्यांच्या बाजूला बसायचे आहे. त्यामुळे प्रश्न बहुधा असा येईल: “पुरवठादाराने पीपॅपची फाइल पाठवली आहे. तुमच्याकडे अर्धाच तास आहे. आधी काय पाहाल?”

पीपॅपमध्ये अठरा घटक असतात आणि ग्राहकाकडे किती द्यायचे यानुसार पाच पातळ्या असतात. तिसरी पातळी नेहमीची मानली जाते. तीत वॉरंट म्हणजे मंजुरीसाठीचे सहीचे मुख्य पत्रक, नमुने आणि सर्व आधारभूत माहिती ग्राहकाकडे पाठवायची असते, तर पाचव्या पातळीत तपासणी पुरवठादाराच्याच कारखान्यात होते. एवढे माहीत असणे आवश्यक आहे, पण अठरा घटकांची नावे ओळीने म्हणून दाखवल्याने अर्ध्या तासाच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मुलाखत घेणाऱ्याला पाहायचे असते ते हे, की कागदांमधला संबंध उमेदवाराला कळतो का.

चांगले उत्तर एकाच मापाचा माग काढते. वॉरंटवरचा ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांक आणि प्रत्यक्ष ड्रॉइंगचा क्रमांक एक आहे का, हे प्रथम पाहायचे. त्यानंतर ड्रॉइंगवर विशेष चिन्हाने दाखवलेले एक महत्त्वाचे माप निवडायचे आणि ते प्रक्रियेच्या आराखड्यात कोणत्या टप्प्यावर तयार होते, एफएमईएमध्ये, म्हणजे संभाव्य दोषांच्या आणि त्यांच्या धोक्यांच्या विश्लेषणात, त्याच टप्प्यावर त्याचा धोका नोंदला आहे का, कंट्रोल प्लॅनमध्ये ते कोणत्या साधनाने आणि किती वेळाने तपासायचे ठरले आहे आणि मोजमापांच्या अहवालात त्याचे आकडे आहेत का, हे क्रमाने पाहायचे. या साखळीत एक जरी कडी तुटलेली आढळली, तर फाइल कुणीतरी जुन्या भागाच्या फाइलवरून उतरवून काढली असण्याची शक्यता असते. फाइल भरणाऱ्या माणसाला हे अनुभवाने ठाऊक असते, आणि तेच तिने सांगायला हवे: “मी स्वतः या फायली भरल्या आहेत, त्यामुळे घाईत कुठे चूक राहते ते मला माहीत आहे.” अशा रीतीने उणीव वाटणारी गोष्ट तिच्या बाजूचा पुरावा बनते.

तयारी म्हणून तिने एकच भाग निवडावा, त्याचे नाव, मापे, ग्राहकाने काय परत पाठवले आणि त्यात तिचा स्वतःचा हात किती होता हे कागदावर लिहून काढावे. ‘आम्ही केले’ असे म्हटले की पुढचा प्रश्न हमखास ‘त्यात तुम्ही काय केले?’ असा येतो. वॉरंटवर सही तिच्या व्यवस्थापकाची असेल तर तसेच सांगावे. त्यात कमीपणा नाही, आणि खोटे सांगितले तर दुसऱ्या उपप्रश्नातच ते उघडे पडते. जुन्या ग्राहकाचे ड्रॉइंग किंवा अहवाल मात्र मुलाखतीला नेऊ नयेत. जो माणूस जुन्या कारखान्याचे कागद इथे दाखवतो तो उद्या आमचेही कागद दुसरीकडे दाखवेल, असे समोरच्यांना वाटते आणि ते योग्यच आहे.

एसपीसी आणि एमएसए: अर्धवट उणीव

या भागाला मी सर्वात जास्त वेळ देण्यास सांगेन, कारण इथे प्रश्न आकड्यांचा असतो आणि आकड्यांत गोलमोल बोलून सुटका होत नाही.

अर्जदाराने वाचने घेतली होती, पण त्यांचा हिशेब दुसरेच कुणीतरी संगणकावर करत असे. म्हणून शंका अशी असेल: ही फक्त आकडे भरते की ते वाचूही शकते? कागदावर असा प्रश्न मांडला जाईल असे धरू: “शाफ्टचा बाहेरचा व्यास २० मिलिमीटर, अधिक-उणे ०.०५. पुरवठादाराचा सरासरी व्यास २०.०१५ आणि प्रमाण विचलन ०.०१ आहे. हा भाग मंजूर कराल का?”

हिशेब सोपा आहे. मर्यादा १९.९५ ते २०.०५, म्हणजे एकूण रुंदी ०.१०. प्रक्रियेचा फैलाव प्रमाण विचलनाच्या सहापट धरतात, म्हणजे ०.०६. रुंदीला फैलावाने भागले की १.६७ मिळतात आणि हा आकडा सीपी. पण सरासरी मधोमध नाही, ती वरच्या मर्यादेकडे सरकली आहे. वरच्या मर्यादेपर्यंतचे अंतर २०.०५ वजा २०.०१५, म्हणजे ०.०३५. त्याला प्रमाण विचलनाच्या तिपटीने, म्हणजे ०.०३ ने भागले की सुमारे १.१७ येतात आणि हा आकडा सीपीके. पीपॅपमधील नेहमीच्या निकषानुसार सुरुवातीच्या अभ्यासात १.६७ पेक्षा जास्त आकडा मान्य होतो, १.३३ पेक्षा कमी असलेला मान्य होत नाही आणि मधला आला तर ग्राहकाशी बोलून ठरवायचे असते. म्हणून उत्तर ‘नाही’ असे आहे.

पण इथवर येणारे उमेदवार बरेच असतात. पुढचा उपप्रश्न असा असतो: “मग पुरवठादाराला काय सांगाल?” सीपी आणि सीपीके यांच्यात मोठे अंतर आहे, याचा अर्थ फैलावापेक्षा मध्यबिंदूचा दोष अधिक आहे. टर्निंगमध्ये इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारे टोक, झिजत गेले की बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो, त्यामुळे टूल ऑफसेट, म्हणजे झिजेनुसार टूलच्या जागेची दुरुस्ती, वेळेवर दिला जात नाही अशी पहिली शंका घ्यायला हवी आणि किती भागांनंतर ऑफसेट द्यायचा हे पुरवठादाराकडून ठरवून घ्यायला हवे. अर्जदार चार वर्षे टर्निंगच्या मशीनजवळ उभी होती. हे तिला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही, फक्त त्या आकड्याशी जोडायचे आहे. आणि एक पायरी पुढे जाता आले तर उत्तमच: सरासरी अगदी मधोमध आणली तरी सीपीके १.६७ पर्यंतच जाईल, म्हणजे जेमतेम सीमेवर. त्यामुळे ऑफसेट हे अर्धेच उत्तर आहे आणि फैलाव कमी करण्याचेही काम उरते.

तिसरा उपप्रश्न अनपेक्षित वाटतो, पण अनुभवी माणूस तो विचारतोच: “ही वाचने कशाने घेतली होती?” इथे ‘व्हर्निअरने’ असे उत्तर आले तर आधीचा सगळा हिशेब कोसळतो. ०.०२ मिलिमीटर लघुतम माप असलेल्या साधनाला ०.०१ चे प्रमाण विचलन दिसणारच नाही. ०.०१ च्या मायक्रोमीटरनेही सगळी वाचने मोजक्या पाच-सहा आकड्यांत गोळा होतील. अशा अभ्यासासाठी ०.००१ मिलिमीटर दाखवणारे साधन हवे, आणि त्या साधनाचा एमएसए आधी झालेला हवा. सहसा दहा भाग, तीन तपासनीस आणि प्रत्येकी दोन किंवा तीन फेऱ्या घेऊन मोजमापातील फरक किती आहे हे काढतात. तो दहा टक्क्यांच्या आत असेल तर साधन चांगले, तीस टक्क्यांच्या वर असेल तर नाकारायचे, आणि मधला असेल तर त्या मापाचे महत्त्व पाहून ठरवायचे. एमएसए आधी आणि सीपीके नंतर, हा क्रम ज्याला सांगता येतो त्याने आकडे हाताळले आहेत अशी समोरच्याची खात्री पटते.

इथून तयारीची एक कसोटी मिळते. एका प्रश्नाचे उत्तर देता येणे म्हणजे तयारी झाली असे मानू नये. प्रत्येक उत्तरावर स्वतःलाच ‘मग पुढे काय?’, ‘हे तुम्हाला कसे कळले?’ आणि ‘तसे झाले नसते तर?’ असे तीन उपप्रश्न विचारावेत. तिसऱ्याला उत्तर सुचत नसेल तर त्या जागेवर परत अभ्यास करावा. हा सराव मनातल्या मनात होत नाही. त्याच क्षेत्रातल्या एखाद्या मैत्रिणीसमोर मोठ्याने बोलावे, आणि कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडत बोलावे. आपल्याकडच्या कारखान्यांतील मुलाखतीत मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांची सरमिसळ होते, म्हणून आधी मराठीत विचार स्वच्छ करून नंतर तेच इंग्रजीत बोलून पाहावे. पाठ केलेले इंग्रजी उत्तर उपप्रश्नाला हमखास तुटते.

पुरवठादारांशी काम: खरी उणीव

हे काम तिने कधीच केलेले नाही आणि ते लपवण्यात अर्थ नाही. इथली शंका ज्ञानाची नाही, ठामपणाची आहे. पुरवठादार बहुधा वयाने मोठा असतो, स्वतःच्या कारखान्याचा मालक असतो आणि खरेदी विभागाशी त्याची जुनी ओळख असते. अशा माणसाला चार वर्षांचा अनुभव असलेली मुलगी ‘हे उत्तर मला मान्य नाही’ असे सांगू शकेल का? तिच्या वयाचे आणि मुलगी असण्याचे दडपण मुलाखतीत कुणी उघडपणे बोलून दाखवणार नाही आणि दाखवूही नये, पण प्रश्न प्रसंगाच्या रूपाने येईल: “पुरवठादाराने एट-डीमध्ये मूळ कारण म्हणून ‘ऑपरेटरची चूक’ लिहिले आहे, उपाय म्हणून ‘ऑपरेटरला समज दिली’ असे लिहिले आहे आणि तक्रार बंद करा म्हणून मागे लागला आहे. काय कराल?”

एट-डी म्हणजे तक्रार सोडवण्याची पायरीपायरीची पद्धत. त्यात आधी संघ बांधायचा, समस्या नेमकी मांडायची, तात्पुरता बंदोबस्त करायचा, मूळ कारण शोधायचे, कायमचा उपाय ठरवून अमलात आणायचा आणि तोच दोष पुन्हा येणार नाही अशी व्यवस्था करायची. या पद्धतीत मूळ कारण दोनदा शोधावे लागते: दोष निर्माण का झाला आणि निर्माण झाल्यावर तो पकडला का गेला नाही. ‘ऑपरेटरची चूक’ या उत्तरात दोन्हींना बगल दिलेली असते.

समजा, शाफ्टवरील खाच न पाडता काही भाग ग्राहकाकडे गेले. मग विचारायला हवे की, खाचेच्या मशीनवर न जाताच भाग पुढच्या पेटीत कसा पडू शकला? पुढच्या जिगमध्ये, म्हणजे भाग पकडून ठेवणाऱ्या साधनात, खाच नसलेला भाग बसतोच कसा? आणि तासाला पाच भाग तपासले जात असतील तर अधूनमधून चुकलेला एखादा भाग त्या तपासणीत सापडणार तरी कसा? या प्रश्नांतून जिगमध्ये खाचेत बसणारी पिन लावण्याचा उपाय निघतो आणि समज देण्याची गरजच उरत नाही. उपाय लागू झाल्यावर पुढच्या तीन खेपांचे भाग तपासून मगच तक्रार बंद करायची, असे ती सांगू शकते. तोपर्यंत तात्पुरती शंभर टक्के तपासणी सुरू ठेवायची आणि वाटेत असलेला व गोदामातला माल वेगळा काढायचा, हेही विसरू नये. उमेदवार मूळ कारणाच्या चर्चेत रंगतात आणि आज लाइनवर जाणाऱ्या मालाचे काय, हे सांगायचे राहून जाते.

प्रामाणिक सुरुवात अशी करता येईल: “पुरवठादारांना भेट देण्याचे काम मी केलेले नाही. पण ग्राहकांना एट-डी लिहून देण्याचे काम केले आहे आणि आमचे ‘ऑपरेटरची चूक’ असे उत्तर एकदा परत आले होते.” पुढे ते कसे परत आले आणि नंतर काय शोधले हे सविस्तर सांगावे. उणीव एका वाक्यात मान्य करावी आणि उरलेला वेळ जवळच्या अनुभवाला द्यावा. बरेच जण उलट करतात: दोन मिनिटे माफी मागतात आणि ‘पण मी लवकर शिकेन’ या वाक्यावर थांबतात. लवकर शिकण्याचा दावा प्रत्येक उमेदवार करतो, म्हणून त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही.

प्रमाणपत्र आणि खंड

ऑडिटर प्रमाणपत्रासाठी मी फार वेळ घालवू देणार नाही. जाहिरातीत ते ‘असल्यास प्राधान्य’ आहे आणि मुलाखतीपूर्वीच्या आठवड्यात घाईने दोन दिवसांचा वर्ग करून आणलेल्या कागदावर कुणी फारसा विश्वास ठेवत नाही. आयएटीएफमध्ये व्यवस्थेचे, उत्पादन प्रक्रियेचे आणि उत्पादनाचे असे तीन प्रकारचे अंतर्गत ऑडिट असते, यांतला फरक तिला सांगता यावा आणि आपल्याकडे ग्राहकाने केलेल्या ऑडिटमध्ये काय निघाले व ते कसे बंद केले, असा एक प्रसंग तयार असावा, एवढे पुरेसे आहे.

अकरा महिन्यांच्या खंडाबद्दल दोन वेगवेगळ्या शंका असतात. पहिली कारणाची. तिचे उत्तर दोन वाक्यांत, खरे आणि पुढचे उपप्रश्न न ओढवून घेणारे असावे. घरातील आजारपण असेल तर तेवढेच सांगावे, त्याचे तपशील सांगण्याची गरज नाही. तारखा मात्र काटेकोर असाव्यात. पीएफच्या खात्यात नोकरीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते, रिलीव्हिंग लेटरवरही असते, आणि निवड झाल्यानंतरच्या पडताळणीत ती पाहिली जाते. खंड लपवण्यासाठी रिझ्युमेत दोन महिने पुढेमागे केलेले असतील तर ते मुलाखतीपूर्वीच दुरुस्त करावेत.

दुसरी शंका ज्ञान जुने झाले का, ही असते आणि खंड नसला तरी लहान कारखान्यातून येणाऱ्यांना ती लागू पडते. एफएमईए हे याचे नेमके उदाहरण आहे. पूर्वी तीव्रता, वारंवारता आणि शोधक्षमता यांना एक ते दहा गुण देऊन त्यांचा गुणाकार करत आणि त्या आकड्यावरून कोणत्या धोक्याकडे आधी लक्ष द्यायचे ते ठरवत. २०१९ च्या एफएमईए पुस्तिकेत या गुणाकाराच्या जागी उच्च, मध्यम आणि कमी अशी कृतीची प्राथमिकता आली. अनेक कारखाने अजून जुनी पद्धत वापरतात, त्यामुळे ‘आमच्याकडे गुणाकार वापरत होतो, नव्या पुस्तिकेत तो नाही आणि त्याचे कारण हे’ असे सांगता आले पाहिजे. कारण समजावून सांगणे सोपे आहे: तीव्रता दहा आणि बाकी दोन्ही दोन-दोन असली तर गुणाकार चाळीस येतो, आणि तीव्रता चार, वारंवारता पाच व शोधक्षमता दोन असली तरी चाळीसच येतो, पण पहिल्यात माणसाच्या जिवाला धोका असू शकतो. ब्रेकच्या भागांच्या कारखान्यात हे वाक्य ऐकणाऱ्यांना लगेच पटेल.

‘जुळते’ असे लिहिलेल्या ओळी

आता राहिलेली ती ओळ. पडताळणीत ‘ग्राहकांच्या तक्रारी हाताळणे’ ही ओळ एट-डीशी जुळलेली दिसली आणि म्हणून अर्जदाराने तिची तयारीच केली नव्हती. पडताळणी शब्द जुळवते, खोली मोजत नाही. तक्रारीचा ई-मेल पुढे पाठवणे हेही हाताळणेच आहे आणि मूळ कारण शोधून जिग बदलून घेणे हेही हाताळणेच. समोरचा माणूस नेमके हेच विचारेल: “तुम्ही हाताळलेली सर्वात अवघड तक्रार सांगा.” म्हणून ज्या ओळीत क्रियापद सैल आहे, म्हणजे ‘हाताळले’, ‘सहभाग होता’, ‘मदत केली’ असे लिहिले आहे, ती ओळ जुळलेली असली तरी उणिवांच्या यादीत घालावी आणि तिच्यापुढेही शंका, प्रश्न आणि पुरावा लिहावा.

मुलाखतीपूर्वी पाच संध्याकाळी मिळत असतील तर या अर्जदाराने दोन आकड्यांच्या भागाला, दोन एट-डी आणि पुरवठादारांच्या प्रसंगांना आणि एक पीपॅपच्या निवडलेल्या भागाला द्यावी. प्रमाणपत्र आणि खंड यांची उत्तरे चाकणला जाताना बसमध्ये मनात घोळवली तरी चालतील. सगळे प्रश्न याच यादीतून येतील असे नाही. काही ठिकाणी सर्व उमेदवारांना आधीच ठरवलेले सारखेच प्रश्न विचारतात आणि रिझ्युमे फारसा उघडत नाहीत. तिथेही प्रश्न जाहिरातीतील कामांवरूनच तयार झालेले असतात, त्यामुळे शाफ्टचा तो हिशेब आणि खाचेची ती तक्रार तिला उपयोगी पडेलच, फक्त ती सांगण्याची संधी कोणत्या प्रश्नात दडली आहे हे तिला तिथे बसून ओळखावे लागेल.